पार्लरची खुर्ची आणि डॉक्टरांचा दवाखाना

मागच्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे घरगुती ब्युटी पार्लर चालवणाऱ्या भगिनींची होती. तिघींचा प्रश्न जवळपास एकच होता. गिऱ्हाईक भुवया करायला येते आणि बसल्या बसल्या गालावरचे वांग, हनुवटीवरच्या पुटकुळ्या, मानेवरचा काळेपणा दाखवून विचारते, "याला काय लावू?" अशा बायकांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचे असेल, तर डॉक्टरांशी बोलणी कशी करावीत? एका भगिनीने तर मोकळेपणाने विचारले आहे, "डॉक्टर किती टक्के देतात?"

टक्क्यांचा प्रश्न पुढे घेऊ. आधी हे समजून घेऊ की आपल्या गावांत बाई डॉक्टरांच्या आधी पार्लरमध्ये का पोहोचते. त्वचेचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तालुक्याला आलेच तर आठवड्यातून एक-दोन दिवस, एखाद्या मेडिकलच्या मागच्या खोलीत बसतात. तिथे जायला घरातले कोणीतरी सोबत लागते, दिवस मोडतो, आणि चेहऱ्यावरच्या डागासाठी एवढा खर्च घरात पटवून देणे अवघड जाते. पार्लर मात्र गल्लीत असते, तिथे बायकाच असतात, बुरखा काढून निवांत बसता येते. त्यामुळे त्वचेची तक्रार पहिल्यांदा नीट उजेडात कोणी पाहत असेल, तर ती पार्लरवाली. तिने काय करावे आणि काय करू नये, हे ठरवण्यात त्या बाईचे बरेच नफा-नुकसान आहे.

रेघ कुठे ओढायची?

आपल्या देशात 1940 चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. त्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या साधी आहे. शरीर स्वच्छ करणे, सुंदर दिसणे, आकर्षकपणा वाढवणे किंवा रूपात बदल करणे यासाठी अंगाला लावायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. रोग ओळखणे, बरा करणे, त्याला आळा घालणे यासाठी जे वापरले जाते ते औषध. पार्लरचे काम पहिल्या भागात येते. दुसऱ्या भागाला हात लावला की ती डॉक्टरकी होते, मग ती कितीही चांगल्या मनाने केलेली असो.

ही व्याख्या खुर्चीजवळ उभे राहून कशी वापरायची? आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी नऊ वर्षे पार्लर चालवते. तिने तीन प्रश्न ठरवले आहेत. त्वचा अखंड आहे का, की फुटली, पाणी सुटले, सोलली आहे? तिथे खाज, आग, दुखणे किंवा बधिरपणा आहे का? आणि हा बदल नवा आहे किंवा वाढत चालला आहे का? तिन्ही उत्तरे निर्धास्त असतील, तर काम पार्लरचे. एक जरी उत्तर शंकेचे आले, तरी त्या जागेला हात लावायचा नाही.

रेघ नेहमी डोळ्यांना दिसतेच असे नाही, म्हणून तीन उदाहरणे देतो. पहिले मानेचे. मानेच्या मागे आणि काखेत त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी झालेली असते. बाई म्हणते, "मळ बसलाय, घासून काढ." तो मळ नसतो. बहुतेक वेळा वाढलेले वजन आणि शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे यामुळे तसे होते. ती मधुमेहाच्या वाटेवरची खूण असू शकते. स्क्रबने घासून मान लाल होईल, काळेपणा जाणार नाही. या बाईला रक्तातील साखर तपासायला सांगणे हे फेशियलपेक्षा मोलाचे आहे.

दुसरे हनुवटीचे. विशी-पंचविशीची मुलगी दर पंधरा दिवसांनी हनुवटीचे दाट केस काढायला येते. थ्रेडिंग करण्यात काही गैर नाही, ते पार्लरचेच काम. पण सोबत पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, मुरुम आणि वजन वाढत असेल, तर कारण आत आहे. इथे थ्रेडिंग चालू ठेवून तिला डॉक्टरांकडे पाठवायचे. पार्लर आणि दवाखाना एकाच वेळी चालू शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरे उदाहरण फिकट चट्ट्याचे. दंडावर किंवा गालावर फिकट चट्टा आहे, खाज नाही, दुखत नाही, म्हणून बाई निर्धास्त असते. पण तिथे कापसाची टोकरी फिरवली तरी कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि वेळेत घेतली तर हातापायांचे नुकसान टळते. अशा चट्ट्यावर रंग जुळवून मेकअप करून देणे म्हणजे निदान पुढे ढकलणे. पण हा शब्द पार्लरमध्ये उच्चारायचा नाही. "इथे तुम्हाला स्पर्श कळत नाही, हे डॉक्टरांना दाखवा," एवढेच म्हणायचे. रोगाचे नाव घेणे हे पार्लरवालीचे काम नाही. चुकीचे नाव घेतले, तर एखाद्या मुलीचे लग्न मोडायलाही तेवढे पुरते.

गोऱ्या करणाऱ्या ट्यूबची गोष्ट

पार्लर आणि दवाखाना यांच्यामधली रेघ सर्वांत जास्त पुसली जाते ती चेहऱ्याला लावायच्या ट्यूबमुळे. म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो. तो या विद्यार्थिनीच्या पार्लरमधला आहे आणि त्या बाईंच्या परवानगीने, नाव-गाव वगळून इथे देत आहोत.

साधारण अडतीस वर्षांच्या एक भाभी नणंदेच्या मुलीच्या लग्नाआधी ब्लीच आणि फेशियल करायला आल्या. दोन्ही गाल लालसर होते. जवळून पाहिल्यावर बारीक लाल रेषा, नाकाशेजारी पुटकुळ्या आणि गालावर वाढलेली लव दिसत होती. तोंड धुवायला सांगितले, तर पाणी लागताच "आग होतेय" म्हणाल्या. पार्लरवालीने ब्लीचचा डबा बाजूला ठेवला.

"भाभी, चेहऱ्याला रोज काय लावता?"

"काही नाही गं, साधी क्रीम."

"घरी गेल्यावर तिचा फोटो पाठवाल? रिकामी ट्यूब असली तरी चालेल."

फोटो आला. ट्यूबवर डाव्या बाजूला उभी लाल पट्टी होती, आरएक्स हे चिन्ह होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना होती. आत तीन औषधे होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचे स्टेरॉईड आहे. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी वांगासाठी ती थोड्या दिवसांकरिता लिहून दिली होती. नंतर भाभी दर महिन्याला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणत राहिल्या. दीराच्या बायकोलाही दिली.

ही ट्यूब डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक आठवडे वापरायचे खरे औषध आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. घोळ तिच्या गुणातच आहे. स्टेरॉईड रक्तवाहिन्या आकसवते आणि सूज दाबते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो. बाई खूश होते, शेजारणी नाव विचारतात. महिने लोटले की त्वचा पातळ होत जाते, खालच्या वाहिन्या लाल रेषा होऊन दिसू लागतात, मुरुम येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. आणि ट्यूब बंद करायला जावे, तर दोन-चार दिवसांत दाबलेली सूज उसळून येते, चेहरा लालबुंद होतो, आग होते. बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावते आणि बरे वाटते. अशा रीतीने ती ट्यूब सुटत नाही. डॉक्टर मंडळी याला स्टेरॉईडने बिघडलेला चेहरा असेच म्हणतात. 2018 साली केंद्र सरकारने चेहऱ्यावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्टेरॉईड मलमांना चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये, स्पष्टपणे आणले ते याच अनुभवामुळे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे पार्लरवालीने वाचता येण्याइतकी ओळखीची करून घ्यावीत.

आता पार्लरवालीने काय करायचे? "आजपासून बंद करा" असे तिने सांगितले नाही. एकदम बंद करायचे की सौम्य औषधावर आणून हळूहळू, हे त्वचा पाहून डॉक्टर ठरवतात. "चालू ठेवा" असेही नाही. ती म्हणाली, "भाभी, ही ट्यूब औषधाची आहे. तुमच्या चेहऱ्यावर आज ब्लीच, फेशियल, स्क्रब, वाफ, वॅक्सिंग यातले काहीही करणार नाही. ट्रेटिनॉइन लावलेल्या त्वचेवर वॅक्स ओढला, तर मेणासोबत कातडीही निघते. गुरुवारी डॉक्टर तालुक्याला येतात, त्यांना ही ट्यूब घेऊन दाखवा." लग्नासाठी केस धुऊन सेट करणे आणि हातापायांची साधी निगा एवढे तिने करून दिले.

चिठ्ठीत काय लिहायचे?

डॉक्टरांकडे पाठवताना नुसते "त्या डॉक्टरांकडे जा, माझे नाव सांग" म्हणणे पुरेसे नाही. तिने एक छोटी चिठ्ठी दिली. तिचा मजकूर असा होता:

"वय 38. दोन्ही गाल लाल, बारीक लाल रेषा, पुटकुळ्या. पाणी लागल्यावर आग होते. सोबतची ट्यूब साधारण दोन वर्षे, रोज रात्री. मूळ तक्रार वांगाची. पार्लरमध्ये शेवटचे ब्लीच तीन महिन्यांपूर्वी. आज चेहऱ्यावर काहीही केलेले नाही. कोणती कामे किती दिवस करू नयेत, ते कळवावे."

या चिठ्ठीत रोगाचे नाव नाही, औषधाचा सल्ला नाही. जे डोळ्यांनी दिसले, बाईने जे सांगितले आणि पार्लरमध्ये जे केले, तेवढेच आहे. डॉक्टरांना याचाच उपयोग होतो, कारण दवाखान्यात बाई अनेकदा लाजून "काही लावत नाही" म्हणते आणि ट्यूबची गोष्ट तशीच राहून जाते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्यामुळे चिठ्ठी परत येते.

डॉक्टरांचे उत्तर त्याच कागदाच्या मागे आले. चार महिने ब्लीच, फेशियल, स्क्रब, वाफ आणि चेहऱ्याचे वॅक्सिंग बंद. भुवयांचे थ्रेडिंग सहा आठवड्यांनंतर, आग होत नसेल तरच. साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर, साधे मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी सांगितलेले सनस्क्रीन. औषधांचा कागद भाभींकडे वेगळा होता. पार्लरला तो पाहण्याची गरज नव्हती आणि तिने तो मागितलाही नाही.

पहिले तीन आठवडे अवघड गेले. चेहरा आधीपेक्षा जास्त लाल झाला आणि भाभींनी दोनदा फोन करून विचारले, "ती जुनी ट्यूब एक दिवस लावू का?" इथे पार्लरवालीचा खरा उपयोग झाला. तिने प्रत्येक वेळी एकच सांगितले, "डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते ना की असे होईल? त्यांना फोन करा, मी सांगणार नाही." तीन महिन्यांनी आग थांबली, पुटकुळ्या गेल्या, लाली बरीच उतरली. काही लाल रेषा राहिल्या. आणि मूळचे वांगही दिसू लागले, कारण ते कधी गेलेच नव्हते, दबले होते. वांग हा चिवट विकार आहे. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्याचा कल आणि ऊन यांचा त्यात हात असतो, आणि उन्हाच्या जपणुकीशिवाय कोणतेही औषध टिकत नाही. ही जपणूक मात्र पार्लर नक्की शिकवू शकते. सनस्क्रीन किती घ्यायचे, ते कपाळ आणि कानशिलापर्यंत कसे पसरायचे, नकाब असला तरी डोळ्यांभोवतीचा उघडा भाग का विसरायचा नाही, रंगीत छटा असलेले सनस्क्रीन वांगावर जास्त उपयोगी का ठरते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की त्यातला लोहाचा रंगद्रव्य भाग साध्या डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतो, आणि वांगाला तोही गडद करतो. भाभी आज दर महिन्याला भुवया करायला येतात. ब्लीच बंद झाले ते झालेच.

बिनलेबलची डबी

ट्यूबवर निदान नाव तरी असते. त्याहून धोक्याची ती साधी पांढरी डबी, जिच्यावर ना कंपनी, ना घटक, ना बॅच नंबर. "स्पेशल फॉर्म्युला" म्हणून ती पार्लरमध्येच विकली जाते. त्यात स्टेरॉईड असू शकते, पारा असू शकतो. पारा त्वचेचा रंग बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून बाई गोरी दिसते, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला मारतो. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघी मायलेकींची मूत्रपिंडे अशाच स्थानिक क्रीममुळे बिघडल्याचे 2023 च्या सुमारास वृत्तपत्रांत आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासले, तेव्हा त्यात पारा मर्यादेच्या हजारो पट निघाला. आपल्या नियमांत नकळत मिसळलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग एवढीच आहे. अशी डबी वापरणाऱ्या बाईच्या पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर गुरुवारच्या त्वचातज्ज्ञाची वाट पाहू नये. त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवावे, डबी सोबत द्यावी. पार्लरमध्ये मात्र लेबल नसलेली एकही वस्तू नसावी. स्वतः खलून केलेली तर नाहीच.

तातडीच्या बाबतीत आणखी एक. ब्लीच, केसांचा रंग किंवा काळी मेंदी लावल्यानंतर डोळे-ओठ सुजले, श्वास लागला, तर त्वचातज्ज्ञ नव्हे, थेट जवळचे रुग्णालय. काळ्या मेंदीत रंगासाठी पीपीडी नावाचे केसांच्या रंगातले रसायन मिसळतात. एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे केस रंगवतानाही ती उसळते. साध्या मेंदीचा रंग नारिंगी ते तपकिरी असतो. पाऊण तासात काळीभोर होणारी मेंदी घेऊच नये.

टक्क्यांचा प्रश्न

आता त्या पत्रातला प्रश्न. उत्तर सरळ आहे: काही नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत लिहिलेले आहे की डॉक्टरने रुग्ण पाठवण्याबद्दल भेट, कमिशन किंवा बोनस देऊ नये, मागू नये, घेऊही नये. असे केल्यास राज्याची वैद्यक परिषद त्याच्यावर कारवाई करू शकते. म्हणजे जो डॉक्टर टक्केवारी द्यायला तयार आहे, तो आपल्या पहिल्याच भेटीत नियम मोडतो आहे. त्याच्याकडे आपली गिऱ्हाइके सोपवावीत का, याचा विचार करावा.

कमिशन नेहमी नोटांच्या रूपात येत नाही. "माझी क्रीम तुमच्याकडे ठेवा, प्रत्येक डबीमागे एवढे तुमचे." "दहा बायका पाठवा, तुमच्या मुलीचे उपचार मोफत." "सणाला काहीतरी पाठवू." ही सगळी त्याचीच रूपे. आणि याचे नुकसान कायद्यापुरते नाही. एकदा प्रत्येक पाठवलेल्या बाईमागे पैसे मिळू लागले की साध्या मुरुमालाही पाठवावेसे वाटते, आणि जिला खरोखर स्वस्तात सरकारी दवाखान्यात जाता आले असते, तिलाही खाजगीकडेच वळवले जाते. बाईला कधीतरी हे कळतेच. मग तिला पार्लरवालीचा पुढचा सल्लाही विकाऊ वाटतो.

म्हणून या विद्यार्थिनीने नियम केला आहे की प्रत्येक बाईला दोन पर्याय सांगायचे, गुरुवारचे डॉक्टर आणि जिल्हा रुग्णालयाचा त्वचा विभाग. कुठे जायचे ते बाईने ठरवायचे. चिठ्ठी दोन्हीकडे चालते. फोटो पाठवायचा असेल तर बाईला विचारून, फक्त डॉक्टरांना, आणि काम झाले की मोबाइलमधून काढून टाकायचा. बाईने उघडून दाखवलेला चेहरा ही अमानत आहे. पार्लरच्या स्टेटसवर "आधी-नंतर" म्हणून तो कधीच जात नाही.

डॉक्टर कसे निवडायचे? त्वचाविकारात एमडी, डीएनबी किंवा पदविका झालेला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलेला. क्रमांक विचारायला संकोच करू नये. कागदावर तो छापलेलाच असतो. "स्किन स्पेशालिस्ट" ही पाटी आणि दहा दिवसांच्या कोर्सचे प्रमाणपत्र याने कोणी त्वचारोगतज्ज्ञ होत नाही.

पहिल्या भेटीत काय बोलायचे?

बोलणी एकदाच, दहा मिनिटांत होऊ शकतात. आपण कोणती कामे करतो त्याची यादी डॉक्टरांना द्यावी. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, क्लीनअप, फेशियल, केसांचा रंग. कोणत्या कंपनीच्या वस्तू वापरतो तेही लिहावे. मग तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहून मिळेल का? मुरुमांच्या गोळ्या, विशेषतः आयसोट्रेटिनॉइन, चालू असलेल्या मुलींना वॅक्सिंग कधीपर्यंत करायचे नाही? आणि पार्लरमध्ये काही बिघडले, भाजले, पुरळ आले, तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा?

काही गोष्टी दोन्ही बाजूंनी नाकारायच्या. पार्लरच्या पाटीवर डॉक्टरांचे नाव नको. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे त्यांच्या आचारसंहितेत बसत नाही. "पांढरे डाग घालवतो" असे तर पाटीवर कोणीच लिहू नये, 1954 च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्याने त्या विकाराच्या इलाजाच्या जाहिरातीला मनाई आहे. डॉक्टरांनी "हे तुम्हीच करून द्या" म्हणून पील, लेसर किंवा सुयांचे काम पार्लरकडे सोपवले, तर नम्रपणे नको म्हणावे. आणि एका बाईसाठी आलेले औषध दुसरीला कधीही सुचवू नये, लक्षणे कितीही सारखी वाटोत. भाभींच्या दीराच्या बायकोकडे ती ट्यूब अशीच पोहोचली होती. तिला नंतर पाठवले, तेव्हा डॉक्टरांना दिसले की तिच्या गालावर वांग नव्हतेच. तो नायटा होता, आणि स्टेरॉईडने खाज दबून तो महिनोन्महिने आतल्या आत पसरत गेला होता.

कामाची सुरुवात एका वहीने करता येईल. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाचे एक पान: चेहऱ्याला काय लावता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, गरोदर आहात का, आधी कशाची ॲलर्जी आली होती, कानामागे किंवा कोपराच्या आत लावून पाहिलेल्या चाचणीचे चोवीस तासांनी काय दिसले. कोणाला कधी आणि का पाठवले, उत्तर काय आले, तेही त्याच पानावर. या विद्यार्थिनीच्या वहीत महिन्याला साधारण चार-पाच चिठ्ठ्यांची नोंद असते. त्यातल्या सगळ्याच परत येत नाहीत. ज्या येत नाहीत, त्या बायकांना ती पुढच्या वेळी भुवया करताना विचारते, "दाखवून आलात का?"

पुढच्या अंकात घरगुती शिवणकामाच्या ऑर्डरींचा हिशेब कसा ठेवावा, या प्रश्नाकडे वळू. पार्लरविषयी आणखी काही विचारायचे असेल, तर वापरत असलेल्या वस्तूंची लेबले वाचून, त्यावरचे घटक पत्रात उतरवून पाठवावेत.